विश्लेषण : मोठ्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला आडनाव का पुरत नाही?

लग्नाची पंगत उठते किंवा गणपतीची आरती होते आणि कुणीतरी म्हणते, ‘आता सगळ्यांचा एक ग्रुप करू या.’ दहा मिनिटांत चाळीस नंबर गोळा होतात. गाडी अडते ती नावाच्या रकान्यापाशी. मागून कुणी ‘टाक रे काहीतरी’ म्हणते आणि आडनावापुढे ‘परिवार’ किंवा ‘फॅमिली’ लिहून ग्रुप सुरू होतो. हे नाव सोपे असते, वडीलधाऱ्यांना पटते, मुलांचीही हरकत नसते. अडचण नंतर कळते : त्या नावात ग्रुपमधली निम्म्याहून अधिक माणसे बसतच नाहीत. ती कोण, आणि आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांना आपले वाटेल असे नाव कसे शोधायचे, ते एका उदाहरणातून पाहू.

आडनावातून नेमके कोण गळते?

समजा, चिपळूण तालुक्यातल्या एका गावात मूळ घर असलेले कुटुंब आहे. आजोबा-आजी आता नाहीत. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली. थोरला मुलगा गेला, त्याची पत्नी, म्हणजे सगळ्यांची मोठी काकू, ८२ वर्षांची आहे. धाकटे दोघे भाऊ आणि त्यांच्या बायका आहेत. दोन बहिणींपैकी मोठी एकटी आहे, धाकटीचे यजमान आहेत. ही पिढी आठ जणांची. 

पुढच्या पिढीत भावांची पाच मुले आणि चार मुली, बहिणींची पाच मुले-मुली. या चौदांपैकी बारा जणांची लग्ने झाली आहेत, म्हणजे जोडीदार धरून २६. तिसऱ्या पिढीतल्या स्वतःचा फोन असलेल्या आठ नातवंडांना धरले की ग्रुपमध्ये ४२ माणसे होतात.

आता आडनाव मोजू. जुन्या पिढीत ते पाच जणांचे आहे. मधल्या पिढीत पाच मुलगे, त्यांच्यापैकी चौघांच्या बायका (एकीने माहेरचे आडनाव ठेवले आहे) आणि एक अविवाहित मुलगी, असे दहा. नातवंडांत तिघे. एकूण १८. उरलेल्या २४ जणांचे आडनाव वेगळे आहे. दोन्ही आत्या, त्यांची मुले आणि सुना, लग्न झालेल्या लेकी, सगळे जावई यांतच येतात.

यावर कुणी भांडत नाही. आत्या कधीच म्हणणार नाही की ‘हे नाव बदला’. परिणाम वेगळ्या वाटेने दिसतो. आत्याचा मुलगा लिहिताना ‘तुमच्याकडे यंदा गणपती किती दिवसांचा?’ असे विचारतो. जावई फक्त वाढदिवसाला हात जोडलेले चिन्ह टाकतात. मूळ घराच्या छपराच्या दुरुस्तीचा विषय निघाला की २४ जण गप्प बसतात, कारण तो ‘त्यांचा’ विषय असतो. ग्रुपमध्ये घेतले जाते सगळ्यांना, नाव मात्र १८ जणांनाच हाक मारते.

एकच घर, नावे चार

मराठीत या अडचणीचे मूळ फार स्पष्ट दिसते. चिपळूणजवळचे तेच कौलारू घर मधल्या काकांसाठी ‘घर’ आहे, आत्यासाठी ‘माहेर’, काकूसाठी ‘सासर’ आणि आत्याच्या मुलांसाठी ‘आजोळ’. भिंती त्याच असल्या तरी बोलणारा बदलला की शब्द बदलतो.

म्हणूनच ‘माहेर’ हे गोड नाव ग्रुपला चालत नाही. मोठी काकू लग्न होऊन त्या घरात आली, तिचे माहेर दुसरीकडेच आहे. ‘आजोळ’ हे नावही आत्याच्या मुलांना पटेल, काकांच्या मुलांना नाही. ‘आमचं घर’ म्हटले तर जावई त्यातून सुटतात.

यातून पहिली कसोटी मिळते. सुचलेले नाव चौघांच्या तोंडी घालून पाहायचे : थोरली सून, लग्न झालेली लेक, जावई आणि लेकीचे मूल. ‘मी या ग्रुपमधला’ किंवा ‘मी या ग्रुपमधली’ असे चौघांनाही अडखळल्याशिवाय म्हणता आले, तरच नाव पुढे न्यायचे. बहुतेक नावे इथेच गळतात.

पूर्वजाचे किंवा कुलदैवताचे नाव दिले तर?

मूळपुरुषाचे किंवा आजोबांचे नाव देण्याची कल्पना वडीलधाऱ्यांकडून हमखास येते. आडनावापेक्षा ती बरी, कारण आजोबांच्या लेकी आणि त्यांची मुले तिच्यात येतात. पण पूर्वज निवडला की कुंपणही ठरते. आजोबांचे नाव दिले तर त्यांच्या भावाची शाखा आपोआप बाहेर जाते. पणजोबांचे नाव दिले तर ती शाखा येते, पण माणसे दुप्पट होतात आणि मुलांना ते नाव कुणाचे हेच ठाऊक नसते. म्हणून आधी ‘ग्रुप कुणापासून सुरू होतो?’ हे ठरवावे आणि मग नाव. शिवाय फक्त आजोबांचे नाव दिले की आजी वगळली जाते. दोघांची पहिली नावे जोडून केलेले नाव अधिक न्याय्य ठरते.

हयात माणसाच्या नावावर ग्रुप काढताना मात्र थांबून विचार करावा. ‘काकूची लेकरं’ हे नाव आज सुरेख वाटते. काकू गेल्यानंतर ते ठेवावे की बदलावे, हा प्रश्न दुःखाच्या दिवसांत कुणाला तरी सोडवावा लागतो. आकड्याच्या नावाचीही हीच गत. ‘आम्ही ४२’ हे नाव पुढच्या बारशाला चुकते आणि पुढच्या अंत्यविधीला बोचते.

कुलदैवताच्या नावाला वडीलधारे सहज होकार देतात. पण लग्नानंतर लेकीच्या घरचे कुलदैवत बदलते, तिच्या मुलांचे तर वेगळेच असते. कुटुंबात वेगळ्या धर्माचा जावई किंवा सून असेल तर तेही पाहावे लागते. देवाचे नाव ग्रुपच्या वर्णनात, पहिल्या ओळीत, मानाने ठेवता येते. तिथे ते कुणालाही अडत नाही.

‘गोतावळा’, ‘भाऊबंद’, ‘सगेसोयरे’ चालतील?

मराठीत नात्यांच्या समूहासाठी शब्दांची कमतरता नाही. पण प्रत्येक शब्दाला त्याचा स्वतःचा वास असतो.

‘भाऊबंद’ म्हणजे एका कुळातले पुरुष नातेवाईक. त्यात बहिणी नाहीत. शिवाय त्याच शब्दापासून ‘भाऊबंदकी’ झाली आहे आणि ती ऐकली की बांधावरचे भांडण आठवते. जमिनीचा वाद कधी होऊन गेला असेल तर हे नाव कुणाला तरी टोमणा वाटू शकते.

‘सगेसोयरे’ हा शब्द अर्थाने सर्वात मोकळा आहे. रक्ताचे ते सगे आणि सोयरिकीने जोडले गेलेले ते सोयरे, म्हणजे जावई आणि सुनाही आल्या. मात्र मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आणि जानेवारी २०२४ मधल्या राज्य सरकारच्या मसुदा अधिसूचनेत हा शब्द गाजला आणि त्याला राजकीय रंग चढला. काही घरांत त्यामुळे काहीच फरक पडत नाही. काही घरांत जेवणाच्या ताटावरचा वाद ग्रुपच्या नावातच येऊन बसतो.

‘गोतावळा’ त्या मानाने सुरक्षित आहे. आप्तांचा मोठा पसारा असा त्याचा अर्थ, त्यात कोण आत आणि कोण बाहेर हे सांगितलेले नाही. अडचण एवढीच की तो कुठल्याही कुटुंबाला बसतो. आत्याच्या सासरचा ग्रुपही ‘गोतावळा’ असेल, तर तिच्या फोनवर दोन गोतावळे होतात. तेव्हा तो एकटा न ठेवता त्याच्या आधी आपला असा एखादा शब्द लावावा लागतो.

मुलांना आवडणारी गमतीची नावे का नाहीत?

नातवंडांकडून येणाऱ्या सूचना वेगळ्याच असतात : ‘खुळ्यांची जत्रा’, ‘चक्रम मंडळ’, ‘नग नंबर वन’. यात वाईट काही नाही. मुलांना जड नाव नको असते, कारण जड नावाच्या ग्रुपमध्ये फक्त सुप्रभात आणि श्रद्धांजली येणार हे त्यांना अनुभवाने माहीत असते.

पण कुटुंबाच्या ग्रुपवर हसण्याच्या बातम्यांसोबत दुसऱ्या बातम्याही येतात, आणि फोनवर सूचना येते तेव्हा संदेशाच्या वर ग्रुपचे नाव असते. म्हणून दुसरी कसोटी अशी : नावाखाली दोन ओळी कागदावर लिहून पाहायच्या. एक, ‘मुलगी झाली, दोघी सुखरूप.’ दुसरी, ‘मोठे काका पहाटे गेले.’ ‘खुळ्यांची जत्रा’ या नावाखाली पहिली ओळ चालते, दुसरी वाचवत नाही. उलट ‘कुलभूषण वंशावळ मंडळ’ या नावाखाली दुसरी ओळ शोभते, पहिली अवघडते. दोन्ही ओळी ज्या नावाखाली सहज उभ्या राहतात, ते नाव आजीलाही चालते आणि नातीलाही.

गमतीच्या नावांना जागा मात्र द्यावी. भावंडांचा, मुलांचा वेगळा छोटा ग्रुप असतोच, तिथे ‘खुळ्यांची जत्रा’ खुशाल भरावी. व्हॉट्सॲपवर ‘कम्युनिटी’ या सोयीत असे अनेक ग्रुप एका छत्राखाली ठेवता येतात. मुलांना आपली जागा मिळाली की मोठ्या ग्रुपच्या नावावर त्यांचा हट्ट राहत नाही. स्वतःचे व्हॉट्सॲप खाते वापरण्यासाठी किमान वय १३ वर्षे आहे, हेही इथे ध्यानात घ्यावे. त्याहून लहान मुले ग्रुपचे नाव वाचत नाहीत, आईबाबांच्या तोंडून ऐकतात. त्यामुळे नाव उच्चारायला सोपे हवे.

पडद्यावर नावाचे काय होते?

ग्रुपच्या नावासाठी व्हॉट्सॲप १०० अक्षरचिन्हांपर्यंत जागा देते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षराचे तुकडेही वेगळे मोजले जातात, त्यामुळे ही जागा दिसते त्यापेक्षा लवकर संपते. पण खरी अडचण ती नाही. चॅटच्या यादीत नावाची सुरुवातच दिसते, पुढचे तीन टिंबांत जाते. वडीलधाऱ्यांनी फोनवरची अक्षरे मोठी करून ठेवलेली असतात. त्यांच्या पडद्यावर त्याहूनही कमी मावते.

‘श्री गणेश कृपा समस्त परिवार’ असे नाव असेल, तर ८२ वर्षांच्या काकूच्या फोनवर ‘श्री गणेश कृ…’ एवढेच उरते. तिच्याकडे हाउसिंग सोसायटीचा ‘श्री गणेश कृपा सोसायटी’ ग्रुप असेल, तर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ओळख पटवणारा शब्द अगदी सुरुवातीला हवा. ‘श्री’, ‘आपला’, ‘समस्त’ असे शब्द पुढची जागा खातात.

सारख्या नावांतून होणारी दुसरी चूक अधिक महाग पडते. एखाद्या सुनेच्या फोनवर ‘फॅमिली’, ‘आपली फॅमिली’ आणि ‘बिग फॅमिली’ असे तीन ग्रुप आहेत. नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी असलेला वैद्यकीय अहवाल घाईत तिसऱ्यात जातो. ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो, पण तोवर वाचणाऱ्यांनी वाचलेले असते आणि ‘हा संदेश काढला’ ही खूणही मागे राहते. मोठ्या ग्रुपचे नाव घरातल्या छोट्या ग्रुपपेक्षा पहिल्या अक्षरापासून वेगळे असावे, ते यासाठी.

तिसरी गोष्ट शोधण्याची. नाव फक्त देवनागरीत असेल तर इंग्रजी अक्षरांत टाइप करून ते सापडत नाही. फक्त इंग्रजी अक्षरांत असेल तर मराठी कीबोर्ड वापरणारी आत्या ते शोधू शकत नाही. परदेशात वाढलेल्या नातवाला देवनागरी वाचता येत असेल असेही नाही. आधी मराठी शब्द आणि त्याच्या शेवटी तोच शब्द इंग्रजी अक्षरांत, एवढ्याने दोघांचेही काम होते. चिन्हांचा मोह मात्र आवरावा. नजर अधू झालेले जे लोक फोनकडून नाव वाचून घेतात, त्यांना प्रत्येक चिन्हाचे वर्णन ऐकावे लागते. सुरुवातीला पाच फुले लावली की नाव येईपर्यंत पाचही फुले ऐकायची. एखादे चिन्ह हवेच असेल तर ते शेवटी असावे.

उदाहरणातल्या घराचे नाव कसे निघाले?

आता त्या ४२ जणांकडे परत येऊ. नाव ठरवण्याचे काम तिथे ग्रुपवर केले तर काय होईल? काका पहिली सूचना टाकतील, पाच मिनिटांत दहा अंगठे येतील आणि चर्चा संपेल. व्हॉट्सॲपच्या मतदानातही कुणी कशाला मत दिले हे इतरांना पाहता येते. त्यामुळे नवी सून सासऱ्यांच्या सूचनेविरुद्ध मत देत नाही आणि निकालातून खरे मत कळत नाही.

म्हणून सूचना गोळा करायचे काम एका माणसाकडे द्यावे. वडीलधारे ज्याचे ऐकतात आणि मुले ज्याच्याशी मोकळे बोलतात, असा कुणी तरी घरात असतोच. या घरात ती धाकटी आत्या. तिने प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवायचा. ‘नाव सुचवा’ असे विचारले की आडनाव आणि देवच येतात. म्हणून तिने प्रश्न वेगळा विचारायचा : ‘गावच्या घराचं नाव काढलं की डोळ्यांसमोर पहिलं काय येतं?’

या प्रश्नाला काका विहीर सांगतील. सुना चुलीवरच्या खोलीतला धूर. मुले ओटीवरची झोपाळ्याची कडी. पण एक उत्तर सगळ्या पिढ्यांतून पुन्हा पुन्हा येईल : अंगणातला फणस. त्याखाली पंगती बसल्या, तिथेच जावयांच्या गाड्या उभ्या राहतात, तिथेच नातवंडांनी पहिल्यांदा हाताला चीक लावून घेतला. अशी गोष्ट प्रत्येक घरात वेगळी असते. कुठे ती वाड्याचा चौक असते, कुठे शेतातली मोट, कुठे चाळीतली गॅलरी. ती सापडली की अर्धे काम झाले.

यातून ‘फणसाखाली’ हे नाव निघते. आता कसोट्या लावू. काकू, लेक, जावई आणि आत्याचा नातू, चौघेही ‘मी फणसाखालचा’ किंवा ‘मी फणसाखालची’ म्हणू शकतात. झाडाखाली बसायला आडनाव लागत नाही. त्याखाली बारशाची बातमी चालते आणि काका गेल्याचीही. नाव छोटे आहे, मोठ्या अक्षरांतही पूर्ण दिसते आणि दुसऱ्या कुठल्या ग्रुपशी त्याचा घोळ होत नाही. बाहेरून काटेरी आणि आतून गोड, हा कोकणी माणसाबद्दलचा जुना विनोद मुलांना आयताच मिळतो. शोधण्याच्या सोयीसाठी पडद्यावरचे पूर्ण नाव असे होईल :

```
फणसाखाली Phanas
```

मर्यादा याही नावाला आहे. लग्नानंतर थेट परदेशात गेलेल्या एखाद्या सुनेने तो फणस पाहिलेलाच नसतो. तिच्यासाठी ग्रुपच्या वर्णनात दोन ओळी लिहाव्यात : झाड कुठे आहे, घर कुणाचे, ग्रुप कोणत्या आजी-आजोबांपासून सुरू होतो. कुलदैवताचे नावही तिथेच. ग्रुपचा फोटो म्हणून त्या झाडाचाच फोटो ठेवला की ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांनाही ग्रुप चटकन ओळखता येतो.

पंचवीस-तीस सूचनांतून कसोट्या लावून दोन-तीन नावे उरली की ती सर्वात ज्येष्ठ माणसाला फोनवर वाचून दाखवावीत, लिहून पाठवू नयेत. काकूला ‘फणसाखाली’ ऐकून हसू आले की नाही, हे फोनवरच कळते. तिचा होकार मिळाल्यावर मग ग्रुपवर मतदान घ्यायला हरकत नाही. तोवर उरलेल्यांपैकी कोणतेही नाव निवडले गेले तरी कुणी दुखावणार नसते.

ठरलेले नाव टिकवायचे कसे?

नवा ग्रुप तयार होतो तेव्हा त्याचे नाव आणि फोटो कुणालाही बदलता येईल अशीच सेटिंग सहसा असते. एखादा भाचा मध्यरात्री गंमत म्हणून नाव बदलतो, ते कुणी बदलले याची नोंद चॅटमध्ये सर्वांना दिसते आणि सकाळी काकांचा लांबलचक संदेश येतो. हे टाळायला ॲडमिनने ग्रुपच्या माहितीत जाऊन Group permissions मधली Edit group settings ही परवानगी बंद करावी. मग नाव फक्त ॲडमिनच बदलू शकतात.

ॲडमिनही आडनावाबाहेरचे असावेत. या घरात तिघे पुरतील : एक काकांचा मुलगा, एक आत्याची मुलगी आणि एक जावई. नवीन लग्न झाले की माणसे जोडण्याचे काम हेच करतात. जावई स्वतः कुणाला तरी ‘ये, फणसाखाली जागा आहे’ असे लिहून ग्रुपमध्ये घेतो, तेव्हा नाव बरोबर निवडले गेले होते हे वेगळे विचारावे लागत नाही.